‘योग्य ओलावा’ की ‘वाफसा’?

‘जोराचा पाऊस’, ‘तीव्र राग’, ‘योग्य ओलावा’ या जोड्यांतले नाम इतके व्यापक आहे की एकट्याने ते फारसे काही सांगत नाही, आणि विशेषण त्याला जेमतेम कमी-अधिकपणा जोडते. अशा जोडीला दुबळी जोडी म्हणता येईल. ती ओळखायची कसोटी सोपी आहे. विशेषणाच्या जागी ‘खूप’, ‘थोडा’ किंवा ‘चांगला’ घालून वाक्य पुन्हा वाचावे. अर्थ जवळपास तोच राहिला, तर ते विशेषण मात्रेपलीकडे काही सांगत नव्हते. मराठीत अशा बऱ्याच जोड्यांच्या जागी एकच नेमका शब्द तयार असतो. तो वापरल्याने वाक्य आखूड होते, पण त्याहून महत्त्वाचे हे की वस्तूची जात कळते.

या मताला विरोध करणारे सांगतात की विशेषणानेच अर्थाला छटा येते. एकटे नाम ओबडधोबड असते, विशेषण त्याला कोरते. हे म्हणणे ‘राग’ या एका शब्दावर तपासता येते. ‘तीव्र राग’ असे लिहिल्यावर राग किती हे समजले, पण कोणता हे समजले नाही. अन्याय पाहून येते ती चीड. एखादे वाक्य कानी पडताच मस्तकात जाते ती तिडीक. आत जळत राहतो तो संताप. एखाद्या व्यक्तीवर किंवा सत्तेवर रोखलेला असतो तो रोष, म्हणून तो लोकांचा असू शकतो आणि पत्करताही येतो. ज्याच्यावर राग आहे त्याचे काही करता येत नाही, त्याला बोलताही येत नाही, तेव्हा होते ती चरफड. वरिष्ठाने सर्वांदेखत अपमान केलेल्या कारकुनाला ‘तीव्र राग आला’ असे लिहिले, तर त्याची लाचारी वाक्यातून गळून पडते. तो ‘चरफडला’ असे लिहिले की राग आणि लाचारी दोन्ही एका क्रियापदात येतात. ‘तीव्र’च्या जागी ‘अतितीव्र’, ‘प्रचंड’, ‘भयंकर’ अशी कितीही चढती विशेषणे लावली तरी रागाची चरफड होत नाही. मात्रा वाढवून जात बदलत नाही. छटा विशेषणाने येते हे म्हणणे रंगांपुरते, आकारांपुरते खरे आहे. मनोविकारांच्या बाबतीत मराठीने छटा नामांत आणि क्रियापदांत साठवल्या आहेत.

याहून वजनदार आक्षेप सुबोधतेचा आहे. ‘योग्य ओलावा’ कोणालाही कळतो, ‘वाफसा’ सगळ्यांना कळत नाही. मग चारचौघांना कळेल असे लिहावे हेच बरे, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य किती आणि गैरसमज किती हे पाहण्यासाठी शेतीविषयक सल्ल्याचे उदाहरण घेणे उपयोगी पडेल, कारण तिथे चुकलेल्या शब्दाची किंमत पिकात मोजावी लागते.

पाऊस पडून गेल्यावर जास्तीचे पाणी निचरून जाते आणि मातीच्या कणांमधल्या पोकळीत ओल व हवा दोन्ही नांदू लागतात, या अवस्थेला वाफसा म्हणतात; काही भागांत ‘वापसा’ असाही उच्चार आहे. मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि तो कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून विखुरला, तर वाफसा आला आहे. गोळा नुसता चपटला तर ओल जास्त आहे, गोळाच होत नसेल तर कमी. वाफसा येण्याआधी औत घातले तर माती फाळाला चिकटते, ढेकळे निघतात, आणि भारी जमिनीत ती ढेकळे वाळून दगडासारखी होतात. म्हणजे ‘वाफसा’ या एका शब्दात पाण्याचे प्रमाण, हवेचे प्रमाण, निचऱ्याला गेलेला वेळ आणि कामाची परवानगी एवढे सगळे आहे. ‘योग्य ओलावा’ या जोडीत यातले काहीच नाही. कशासाठी योग्य, आणि योग्य आहे हे ओळखायचे कसे, हे प्रश्न ती वाचकावरच सोडते. कळायला सोपी वाटते, कारण तिच्यात कळण्यासारखे थोडेच आहे.

आता एक पूर्ण वाक्य घेऊ. ‘सततचा पाऊस थांबून पावसामध्ये थोडा खंड पडल्यानंतर जमिनीत योग्य ओलावा असताना दोन ओळींमधील लहान तण काढून टाकावे आणि ज्या ठिकाणी रोपे उगवली नसतील अशा रिकाम्या जागी नवीन बियाणे पेरावे.’ हे २९ शब्द आहेत. त्यातला ‘सततचा पाऊस’ म्हणजे झड. ‘थोडा खंड’ म्हणजे उघडीप. ‘योग्य ओलावा’ म्हणजे वाफसा. दोन ओळींमधले तण औताने काढायचे असेल तर ती कोळपणी. बी न उगवल्याने ओळीत पडलेली ‘रिकामी जागा’ म्हणजे नांगी. वाक्य असे होते: ‘झडीनंतर उघडीप मिळताच वाफशावर कोळपणी करावी आणि नांग्या भराव्यात.’ शब्द नऊ.

वीस शब्द वाचले ही या बदलातली दुय्यम गोष्ट. ‘थोडा खंड’ हे शब्द तासाभराच्या विश्रांतीलाही लागू पडतात. ‘उघडीप’ म्हटले की आभाळ मोकळे होऊन ऊन पडण्याइतका अवकाश अभिप्रेत असतो, आणि शेतकरी त्याच अवकाशाची वाट पाहत असतो. ‘सततचा पाऊस’ रात्रभर कोसळलेलाही असू शकतो. झड म्हणजे दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस, ज्यात काढणीला आलेल्या मुगाला शेंगेतच मोड फुटतात. मुसळधार शब्द धारेचा जाडपणा सांगतो, संततधार न तुटणे सांगतो, झड दिवस मोजते, पिरपिर धड पडतही नाही आणि थांबतही नाही. ‘जोराचा पाऊस’ आणि ‘हलका पाऊस’ या दोन खणांत हे सगळे कोंबले की लिहिणाऱ्याची सोय होते, वाचणाऱ्याची होत नाही.

याच उदाहरणात नेमक्या शब्दाचा धोकाही दिसतो, आणि तो लपवणे बरोबर नाही. मूळ वाक्यात दोन ओळींमधील तण ‘काढून टाकावे’ एवढेच होते, कशाने ते नव्हते. त्याच्या जागी ‘कोळपणी’ लिहिताना एक नवे विधान केले गेले. कोळपणी कोळप्याने होते आणि ती ओळींच्या मधल्या पट्ट्यात चालते. रोपाच्या बुडाशी असलेले तण कोळप्याला सापडत नाही, त्याला खुरपेच लागते आणि त्या कामाला खुरपणी म्हणतात. लिहिणाऱ्याच्या मनात खुरपणी असेल आणि केवळ आखूडपणासाठी त्याने कोळपणी लिहिले असेल, तर वाक्य लहान झाले आणि सल्ला खोटा झाला. नेमका शब्द अधिक माहितीची मागणी करतो. दुबळी जोडी पुष्कळदा याच कारणाने लिहिली जाते: तिच्याआड लिहिणाऱ्याला वस्तू पुरती माहीत नाही हे झाकले जाते. त्यावरचा उपाय जोडी टिकवण्यात नाही, आधी विचारून घेण्यात आहे.

सुबोधतेच्या आक्षेपात मान्य करण्याजोगा भाग उरतो तो प्रदेशाचा. विदर्भात कोळपणीला डवरणी म्हणतात, हाताने तण काढण्याला निंदण. सांगलीच्या शेतकऱ्याला ‘डवरणी’ आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला ‘कोळपणी’ अडखळवू शकते. पण म्हणून दोघांसाठी मिळून ‘तण काढण्याचे काम’ असे लिहिणे हा तोडगा नव्हे. तो दोघांनाही कमी सांगतो. सल्ला ज्या जिल्ह्यासाठी आहे तिथला शब्द घ्यावा. वाचक सर्वदूरचा असेल तर पहिल्या उल्लेखात ‘कोळपणी, म्हणजेच डवरणी’ असे दोन्ही देऊन पुढे एक चालवावा. शहरी वाचकासाठी तर एकदा एका वाक्यात शब्द उलगडून सांगितला की पुरते. त्या एका वाक्याची भरपाई पुढच्या प्रत्येक ‘वाफशा’त होते.

विरोध दुसऱ्या टोकाकडूनही होतो, आणि तो मित्रत्वाचा वेष घेऊन येतो. दोन शब्दांच्या जागी एक शब्द हवा ना, मग संस्कृतातून घडवावा किंवा कार्यालयीन भाषेतून उचलावा, असे हे मत. त्यातून ‘जोराचा पाऊस’ काढून सर्रास ‘अतिवृष्टी’ लिहिली जाते. शब्द एक झाला खरा, पण अतिवृष्टीला महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात ठरलेले माप आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. नुकसानभरपाईच्या प्रकरणात हे माप पाहिले जाते. चाळीस मिलिमीटरच्या पावसाला अतिवृष्टी म्हणणारी बातमी शेतकऱ्याला खोटी आशा लावते. इथे एक शब्द दोन शब्दांपेक्षा नेमका असूनही चुकीचा आहे, कारण तो दुसऱ्याच गोष्टीचे नाव आहे. तसेच हवामान खात्याच्या अंदाजातला ‘मुसळधार पाऊस’ आणि ‘अतिमुसळधार पाऊस’. बोलीत मुसळधार हे वर्णन आहे, पण त्या अंदाजात ती दिवसभरात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर अशी श्रेणी आहे आणि ‘अति’ लागला की पुढची. तिथले विशेषण मोजलेले आहे. त्याला दुबळे समजून कोणी सफाई केली, तर आकडाच पुसला जाईल.

यावरून हेही स्पष्ट होते की विशेषण आणि नाम यांची प्रत्येक जोडी दुबळी नसते. विशेषण मात्रा सांगत असेल तर संशय घ्यावा. जात सांगत असेल तर त्याला हात लावू नये. ‘खराब जमीन’ आणि ‘खारवट जमीन’ दोन्ही दोन शब्दांच्याच जोड्या आहेत, पण त्यांची योग्यता सारखी नाही. सांगली-कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यात वर्षानुवर्षे जास्त पाणी दिल्याने बिघडलेल्या जमिनी आहेत. त्यांना ‘खराब जमीन’ म्हटल्याने करायचे काय हे कळत नाही. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साठलेले असतात, उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो, आणि चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन घालवणे हा तिचा उपाय आहे. चोपण जमिनीत बिघाड सोडियमचा असतो. ती ओली असताना चिकट, वाळल्यावर टणक, आणि पाणी तिच्यात मुरत नाही. तिला नुसते पाणी देऊन धुण्याचा प्रयत्न केला तर पाणी वरच साचून राहते. आधी माती परीक्षणाने प्रमाण ठरवून जिप्सम घालावे लागते, मग धुणे. ‘खारवट’ हे विशेषण इथे शब्दसंख्येच्या नावाखाली कापणे म्हणजे उपाय कापणे. आणि ‘चोपण’ तर बोलण्यात विशेषणाचे नाम होऊन एकट्याने उभे राहते. ‘रान चोपण झालंय’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा जिप्सम लागणार हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.