सरासरी भाव ऑर्डरचा नव्हे, सौद्याचा

सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स किंवा बालाजी अमाइन्ससारख्या शेअरमध्ये मोठी ऑर्डर एकदम टाकली, तर आपल्याच खरेदीने भाव वर सरकतो. म्हणून आपले बरेच वाचक टप्प्याटप्प्याने माल उचलतात आणि ते काम प्रोग्रामवर सोपवतात. गफलत होते ती सरासरीच्या हिशेबात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या टप्प्यात १२०० रुपयांनी १०० शेअर मिळाले. दुसऱ्यात ११५० ला १०० मागितले, पण पदरात पडले ५०च. उरलेली ऑर्डर संध्याकाळी रद्द झाली. तिसऱ्यात ११०० ला १५० आले. तीन भावांची साधी सरासरी ११५० येते. ती चूकच, कारण प्रत्येक टप्प्याचं वजन वेगळं आहे. खरा खर्च ३,४२,५०० रुपये, शेअर ३००, सरासरी ११४१.६७. ऑर्डरचे आकडे धरले तर ११४२.८६ येते. फरक रुपया-सव्वा रुपयाचा, म्हणून डोळ्यांत भरत नाही. पण त्या प्रोग्रामच्या वहीत ३५० शेअर आहेत. स्टॉपलॉस लागला की तो ३५० विकायला जाईल, आणि ५० शेअर आपल्याकडे नसतीलच.

म्हणून नोंद झालेल्या सौद्याचीच करावी, तीही एकदाच:

```
if trade_id not in seen:
    seen.add(trade_id)
    cost += qty * price
    held += qty
    avg = cost / held
```

इथे `qty` म्हणजे त्या एका सौद्याची संख्या. काही ब्रोकरांचे ऑर्डर-संदेश आतापर्यंतची एकूण संख्या सांगतात. वरचे ५० जर २० आणि ३० असे आले, तर संदेशांत २० आणि मग ५० दिसतात. दोन्ही मिळवले की ७० होतात. रोज बाजार बंद झाल्यावर आधी शेअरची संख्या ब्रोकरच्या खात्याशी ताडून पाहावी, सरासरी नंतर. संख्या चुकली असेल तर सरासरी बघण्यात अर्थ नाही.

विक्रीचा प्रश्न अधिक नाजूक. काही दिवसांनी ११८० ला १०० शेअर विकले. सरासरी पद्धतीत `cost` मधून १०० × ११४१.६७ वजा होतात आणि उरलेल्या २०० ची सरासरी तीच राहते. नफा सुमारे ३,८३३ रुपये. पण डीमॅटमधल्या शेअरसाठी आयकराचा नियम आधी आलेला माल आधी गेला असं मानतो. त्या हिशेबाने १२०० चे शेअर गेले, २,००० रुपये तोटा झाला, आणि उरलेल्यांची सरासरी १११२.५० झाली. एकाच विक्रीवर एका वहीत नफा, दुसरीत तोटा!

दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. आमच्या मते प्रत्येक सौदा वेगळा जपावा, दोन्ही आकडे त्यातून काढावेत आणि स्टॉपलॉस कोणत्या आकड्यावर बेतला आहे ते कोडमध्येच लिहून ठेवावं. ब्रोकरच्या पडद्यावरची सरासरी विक्रीनंतर अचानक बदलली, तर तो बहुधा दुसरी पद्धत वापरत असतो. आपल्या प्रोग्राममध्ये दोष शोधण्याआधी तेवढं तपासून घ्यावं.