जुन्या ओरखड्याचे पैसे भरण्याआधी

समजा, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही निगडीत भाड्याची गाडी घेतलीत. चाकणला पाहुण्यांकडे जाऊन रविवारी परत दिलीत. मंगळवारी मेसेज येतो: डाव्या मागच्या दारावर ओरखडा, डिपॉझिटमधून ६,५०० रुपये कापले.

फोनवर भांडू नका. फोनवरचं बोलणं नंतर कुणीच कबूल करत नाही. जे काही म्हणायचं ते ईमेलवर लिहा.

आधी गाडी घेताना सही केलेला पाहणीचा कागद काढा. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि जुन्या खुणांच्या जागी फुल्या असतात. डाव्या मागच्या दारावर फुली असेल, तर काम सोपं. त्या कागदाचा फोटो पाठवा आणि 'हा ओरखडा तुमच्याच माणसाने आधी नोंदवला आहे' एवढंच लिहा.

फुली नसेल तर? इथेच बरेच जण हार मानतात. मानू नका. गाडी घेताना काढलेले फोटो पाहा. नुसत्या ओरखड्याचा जवळून काढलेला फोटो लंगडा पडतो, कारण तो कुठल्याही गाडीचा असू शकतो. दार आणि नंबरप्लेट एकत्र दिसणारा फोटो हवा. त्याच वेळचा किलोमीटरच्या आकड्याचा फोटोही हवा. तो आकडा कागदावरच्या सुरुवातीच्या आकड्याशी जुळला, की गाडी हलायच्या आधीच ओरखडा होता हे दिसतं.

फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, त्यातली तारीख-वेळेची नोंदही जाते. मूळ फोटो ईमेलला जोडा.

त्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी मागा: तुमच्या आधीच्या गिऱ्हाईकाने गाडी परत केली तेव्हाचे त्याच दाराचे फोटो, आणि दुरुस्तीचं बिल. तोच ओरखडा आधीही कुणाच्या माथी मारला असेल, तर तो तिथेच उघडा पडतो. उत्तराला सात दिवसांची मुदत द्या.

ओरखडा जुना, पण तुमच्या हातून वाढला असेल, तर तसं खरं सांगा. वाढलेल्या भागाचेच पैसे द्या.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे क्रेडिट कार्डावरून कापले असतील, तर बँकेलाही लेखी कळवा. तरीही भागलं नाही, तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं मुख्य ऑफिस परराज्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. एवढ्या लहान भाड्याच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

पुढच्या वेळी गाडी तळघरातल्या अंधारात ताब्यात देत असतील, तर आधी उजेडात आणायला लावा. कागदावर फुल्या तुमच्यासमोर मारून घ्या, मगच सही करा.