तीनदा ‘येथे क्लिक करा’

समजा, आदिलाबादच्या आपल्या स्नेहसंमेलनासाठी नाव नोंदवलं की आपोआप ईमेल येतो. त्यात ‘जेवण’, ‘मुक्काम’, ‘पैसे’ हे शब्द नुसते ठळक, आणि प्रत्येकाखाली ‘येथे क्लिक करा’. डोळ्यांना पुरतं. पण एनव्हीडीएवर ऐकणाऱ्या काकू मथळा शोधायला H दाबतात आणि उडी कुठेच पडत नाही, कारण ठळक अक्षर म्हणजे मथळा नव्हे. Insert+F7 दाबून लिंकांची यादी काढली, तर तीनदा तेच ‘येथे क्लिक करा’. यातली पैशांची कुठली? मग अख्खा ईमेल पहिल्यापासून ऐकायचा!

मंडळाचे असले साचे तुम्ही पोरंच बनवता. मुक्कामाचा भाग असा हवा:

```
<h2>मुक्काम</h2>
<a href="...">मुक्कामाची खोली बदला</a>
```

नुसतं अक्षर मोठं केलं, तर H ला ते सापडत नाही.