‘काळजी घे’ खोडताना

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिनं फोनवर आलेले निरोप मला वाचून दाखवले. कान बांध. थंड पाण्यात हात घालू नकोस. अळिवाचे लाडू खा. बाळ झोपलं की तूही झोपून घे. एकीनं ‘अभिनंदन’ लिहून स्वल्पविराम दिला होता आणि पुढे सहा सूचना. “बाळाकडे कुणी बघितलंच नाही गं,” ती म्हणाली, “सगळे माझ्याकडेच बघतायत, मी कुठे चुकते ते.”

मराठीत एकेरी आज्ञार्थ फार स्वस्त आहे. नुसता धातू लिहिला की झालं: घे, खा, झोप, बांध. हुकूम केला असं वाटतही नाही. त्यात ‘अभिनंदन’ हा शब्द सभेतला. बढती मिळालेल्यालाही तोच, पुरस्कार मिळालेल्यालाही तोच. हिंदीतल्या ‘बधाई’ला बाळ जन्मलेल्या घरातल्या गाण्याबजावण्याची ऊब आहे. आपला शब्द कोरडा पडतो म्हणून आपण त्याला सल्ल्याचं तूप लावतो. अनुवादक म्हणून ही अडचण मला कळते. पण सबब म्हणून ती मी ऐकून घेणार नाही.

कारण याच भाषेत बाळंतविडा आहे. झबली, टोपडी, जुन्या सुती लुगड्याची मऊ दुपटी. आणणारी ते उशाशी ठेवते, बाळाला बघते, जाते. सल्ल्यातही माया असते, असं मला सांगितलं जाईल. असते ना! पण मायेनं लाडवांचा डबा पाठवता येतो. ‘खा’ लिहायला काहीच खर्च नाही. बाळंतिणीनं विचारलं तर जरूर सांगावं. तिनं विचारलेलं नसतं.

आणि याच भाषेत ‘होवो, मिळो, राहो’ आहे. हे रूप बाळंतिणीकडून काही मागत नाही. मागणं असलंच तर दैवाकडे.

माझा पहिला खर्डाही धड नव्हता. ‘खूप अभिनंदन! आता झोप मिळायची नाही, तयारीत राहा. काळजी घे.’ विनोद म्हणून घातलेलं वाक्य खरं तर धमकीच होती, ते आधी गेलं. ‘काळजी घे’वर मात्र मी बराच वेळ अडले. इतकं निरुपद्रवी! पण ज्या बाईला त्या आठवड्यात काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं, तिला आणखी काळजी घ्यायला मी सांगत होते. खोडलं.

उरलं ते असं: ‘तुझी लेक आली, ऐकून दिवसभर हसतेय. फोटोतली तिची मूठ दहादा पाहिली. तुम्हां दोघींना सुखाची झोप मिळो. दुपटी शिवून झालीत, उद्या दाराशी ठेवून जाईन.’

शेवटी ‘उत्तर देत बसू नकोस’ असंही लिहिलं होतं. पाठवायच्या आधी तेही काढलं.