पाल्यास कांजिण्या आल्या आहेत

शाळेकडे अर्ज लिहायचा म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या लेखणीतून एक वाक्य आपोआप उतरते : 'प्रकृती-अस्वास्थ्यामुळे माझा पाल्य शाळेत उपस्थित राहू शकला नाही, तरी त्याची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.' हे वाक्य शाळेनेच आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. मोठेपणी आपण ते तिला मुलाच्या हाती परत पाठवतो. व्याकरणाची खोट त्यात नाही, विनयाचा उणेपणाही नाही. तरीपण मराठीचा मास्तर या नात्याने मी त्याला दहांपैकी दोनच गुण देईन. प्रकृतीला काय झाले हे त्यात नाही, केव्हापासून झाले हे नाही, आणि मूल पुन्हा केव्हा येणार हेही नाही. पडसे, पोटदुखी, मामाचे लग्न, कशासाठीही ते चालते. हा त्याचा गुण म्हणा; पण घरात कांजिण्या आल्या की तोच दोष ठरतो.

कारण कांजिण्यांचे पत्र हा नुसता रजेचा अर्ज नसतो. ती वर्दी असते. पडशाने आजारी असलेल्या मुलाची रजा हा त्याचा आणि हजेरीपटाचा प्रश्न. कांजिण्या आलेले मूल मात्र वर्गाला काहीतरी देऊन घरी आलेले असते. अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्याच्यापासून संसर्ग होऊ लागतो. म्हणजे आईने पाठीवरचे फोड पाहिले त्याच्या आदल्या दिवशी तेच मूल बाकावर शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले होते. शाळेला हे कळायला हवे, आणि तेही त्याच दिवशी.

पहिली अडचण येते ती नावाची. आपल्याकडे या आजाराचे नाव घेण्याचा संकोच फार जुना आहे. घरात 'बाया आल्या' म्हणतात, कोणी 'माता आली' म्हणते, कडुनिंबाचा पाला दारात लागतो. त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पत्रात मात्र 'कांजिण्या' हाच शब्द लिहावा. 'अंगावर उठले आहे' एवढ्याने भागत नाही, कारण अंगावर गोवरही उठतो. गोवराच्या आधी तीन-चार दिवस ताप, खोकला आणि लाल डोळे असतात, पुरळ तोंडावरून खाली उतरते आणि त्यात पाणी धरत नाही. कांजिण्यांना फार करून छातीपोटावर सुरुवात होते, कंड सुटतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाच जागी तांबडा ठिपका, पाण्याचा फोड आणि सुकत आलेली खपली अशी तिन्ही वयाची भावंडे एकत्र दिसतात. दोन्ही आजारांचे शाळेचे दिवस निराळे, म्हणून निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे आणि त्यांनी ते केल्याचे पत्रात लिहावे.

नावानंतर तारखा. मूल शाळेत शेवटचे केव्हा आले, पहिला फोड केव्हा दिसला, आणि ते परत केव्हा येईल, या तीन तारखा पत्रात असल्या की शाळेला बाकीचे गणित स्वतःच मांडता येते. ते कसे, हे पाहण्यासाठी 2025 सालच्या फेब्रुवारीचे कॅलेंडर समोर ठेवू. थंडी सरता सरता हा पाहुणा आपल्याकडे बराच हिंडतो. समजा, चौथीतली एक मुलगी बुधवार दि. 12 रोजी शाळेतून आली आणि संध्याकाळी हातपाय धुताना तिच्या पोटावर फोड दिसले. म्हणजे सोमवार दि. 10 पासून बुधवारपर्यंत वर्गाला तिचा संसर्ग होऊ शकला. संसर्गानंतर हा आजार 10 ते 21 दिवस दडून बसतो. बहुधा दोन आठवड्यांच्या सुमारास तोंड काढतो. तेव्हा वर्गातल्या मुलांवर लक्ष ठेवायचे ते 20 फेब्रुवारीपासून 5 मार्चपर्यंत. त्या अवधीत कोणाला ताप आला, अंगावर एखादा ठिपका दिसला, तर 'डास चावला असेल' म्हणून त्याला शाळेत पाठवायचे नाही.

आता ते पत्रच लिहू. मुलीचे नाव आपण व्याकरणाच्या पुस्तकातल्याप्रमाणे अ. ब. क. ठेवू.

'मा. मुख्याध्यापिका यांस,
दि. 13 फेब्रुवारी 2025
विषय : कु. अ. ब. क., इयत्ता चौथी ब, हजेरी क्रमांक 17, हिला कांजिण्या आल्याबद्दल.

सा. न. वि. वि.

माझी मुलगी कु. अ. ब. क. हिला कांजिण्या आल्या आहेत. पहिले फोड काल, बुधवार दि. 12 रोजी संध्याकाळी दिसले व आज सकाळी डॉक्टरांनी निदान केले. सोमवार ते बुधवार ती शाळेत हजर होती. या तीन दिवसांत तिच्या सहवासात आलेल्यांना, विशेषतः कोणी शिक्षिका गरोदर असल्यास किंवा कोणा मुलाची प्रतिकारशक्ती औषधोपचारामुळे कमी झालेली असल्यास त्यांना, ही गोष्ट आजच कळवावी. मात्र मुलीचे नाव सांगू नये, ही विनंती.

दि. 13 पासून तिला रजा मिळावी. मंगळवार दि. 18 रोजी डॉक्टर तिला पुन्हा तपासणार आहेत. सर्व फोडांवर खपल्या धरल्या असल्यास ती गुरुवार दि. 20 रोजी शाळेत येईल. तसे नसल्यास आम्ही नवी तारीख कळवू. शाळेचा याबाबत निराळा नियम असल्यास, तसेच दाखला कोणत्या स्वरूपाचा लागतो, हे कृपया कळवावे.

तिचा भाऊ आपल्याच शाळेत दुसरी अ मध्ये आहे. त्याला पूर्वी कांजिण्या आलेल्या नाहीत व लसही दिलेली नाही. सध्या तो ठीक आहे. त्याला शाळेत पाठवावे किंवा कसे, हेही कळवावे.

आपला नम्र,'

आणि खाली सही व फोन नंबर. पत्र एवढेच. आता त्यातली चार वाक्ये जरा उलगडून पाहू.

गरोदर शिक्षिकेचा उल्लेख कोणाला आगाऊपणाचा वाटेल. पण या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच. निरोगी मुलाला कांजिण्या बहुधा आठवड्याचा कंड देऊन जातात. लहानपणी त्या न आलेल्या गरोदर स्त्रीला मात्र त्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि गर्भालाही धोका असतो. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या तर त्या जिवावर बेतू शकतात. अशांसाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन असते. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण त्याचा उपयोग संसर्गानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितके लवकर तितका अधिक. आता पुन्हा कॅलेंडर पाहा. सोमवार दि. 10 पासूनचे दहा दिवस 20 तारखेला संपतात, आणि पत्र मुलीच्याच हाती पाठवण्याच्या आपल्या रिवाजाने ते शाळेत पोचणार तेही 20 तारखेलाच. म्हणून हे पत्र मुलाबरोबर नव्हे, मुलाच्या आधी गेले पाहिजे. आज फोनवरून तो मजकूर क्षणात जातो. फक्त तो वर्गशिक्षिकेला किंवा मुख्याध्यापिकेला धाडावा, पालकांच्या सामायिक गटावर नव्हे. नाहीतर मुलगी बरी होऊन आली तरी बाकावर तिच्याजवळ कोणी सरकत नाही.

दुसरे वाक्य परतीच्या तारखेचे. ते मी मुद्दाम 'असल्यास' आणि 'नसल्यास' या दोन पायांवर उभे केले आहे. आजार कॅलेंडर पाहून चालत नाही. नवे फोड तीन-चार दिवस, कधी अधिकही, लाटांनी येत राहतात, आणि शेवटच्या लाटेतला शेवटचा फोड सुकून त्यावर खपली धरली की संसर्ग संपतो. सामान्यतः याला फोड दिसल्यापासून पाच ते सात दिवस लागतात. आपल्या मुलीचे नवे फोड शनिवारी थांबले, मंगळवारपर्यंत सगळे सुकले, बुधवारी 19 तारखेला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून गुरुवार. तपासताना केसांत, कानांमागे आणि काखेतही पाहावे. मागे राहिलेला ओला फोड तिथेच सापडतो. लस घेतलेल्या मुलाला कधी कधी नुसते तुरळक ठिपके येतात आणि खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा ठिपका न दिसणे ही खूण धरतात.

इथे घरातली वडील मंडळी हरकत घेतात : 'खपल्या पडून गेल्याशिवाय पोर बाहेर काढायचे नाही!' काही शाळाही हेच सांगतात, आणि मुलाचे आणखी आठ-दहा दिवस विनाकारण बुडतात. मला वाटते, ही आठवण कांजिण्यांची नव्हे, देवीची आहे. देवीच्या खपलीतही रोगाचे विष असे, आणि शेवटची खपली गळेपर्यंत रोग्याला वेगळे ठेवणे रास्तच होते. पण देवीचा शेवटचा रोगी भारतात 1975 साली आढळला, आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातूनच गेल्याचे जाहीर केले. देवी गेल्या, त्यांचा नियम तेवढा कांजिण्यांच्या गळ्यात राहिला. कांजिण्यांची कोरडी खपली कोणाला काही करीत नाही. शाळेने आग्रहच धरला, तर वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांच्या दाखल्यात 'सर्व फोडांवर खपल्या धरल्या आहेत, संसर्गाची भीती नाही' असे तपासणीच्या तारखेसह लिहून घ्यावे. नुसत्या 'शाळेत जाण्यास योग्य' या शब्दांनी शंका फिटत नाही.

उरले भावाचे वाक्य. एका घरात राहणाऱ्या, पूर्वी कांजिण्या न आलेल्या भावंडाला त्या बहुधा येतातच. म्हणून त्याला आजपासून कोंडून ठेवावे असे नाही. ठणठणीत भावंडाला सहसा शाळेत येऊ देतात, पण निर्णय शाळेला विचारूनच घ्यावा. बहिणीचे फोड दिसल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, त्याला लस दिली तर आजार टळण्याचा किंवा सौम्य येण्याचा संभव असतो. तेव्हा गुरुवारी मुलीला दाखवायला नेतानाच डॉक्टरांना हे विचारावे. त्याचे घातदिवस मात्र वर्गाहून लांब असतात. बहिणीचा सहवास 18 तारखेपर्यंत चालूच राहणार, म्हणून 20 फेब्रुवारीपासून थेट 11 मार्चपर्यंत रोज सकाळी गणवेश चढवण्यापूर्वी त्याची पाठ आणि पोट उजेडात पाहावे. ठिपका दिसलाच, तर दुसरे पत्र लिहायला फारसे श्रम नाहीत. नाव, इयत्ता आणि तीन तारखा तेवढ्या बदलायच्या.