मधुमेहींची पादत्राणे : शिवण आणि खोली

सांगलीतील हळदीचे एक व्यापारी. वय बासष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. तळवे जळजळतात म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून मऊ जेलच्या गाद्या आणल्या आणि आपल्या नेहमीच्या बुटांत घातल्या. तळव्यांना बरे वाटले. बारा-तेरा दिवसांनी सुनेला धुण्यातील मोज्यावर ओला पिवळसर डाग दिसला. पाहिले तर दुसऱ्या बोटाच्या वरच्या पेरावर बोराएवढी जखम झाली होती. त्यांना स्वतःला ती जाणवलीच नव्हती.

जखम तळव्याला न होता बोटाच्या वर का झाली, हे समजले की मधुमेहींच्या पादत्राणांचे निम्मे शास्त्र समजते. दीर्घ मधुमेहात पायाच्या नसा क्षीण होतात. तळव्यातील लहान स्नायू दुबळे पडून बोटे नखीसारखी वाकतात आणि त्यांची पेरे वर उचलली जातात. साध्या बुटात बोटांवर मुळातच फारशी जागा नसते. त्यात पाच मिलिमीटरची गादी घातली की पाऊल तेवढेच वर चढते आणि वर आलेले पेर बुटाच्या कातड्यावर किंवा रेक्झिनवर प्रत्येक पावलागणिक घासते. खात्याच्या भाषेत सांगायचे तर तळव्याकडे जमा केलेली मऊ जागा बोटांच्या नावे खर्ची पडली होती. म्हणून मधुमेहींच्या बुटाला नेहमीपेक्षा निदान पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास, अधिक खोली ठेवतात. ही खोली टाचेपासून पंजापर्यंत सर्वत्र हवी आणि पुढचा भाग निमुळता न होता गोल व उंच हवा.

दुसरी गोष्ट शिवणीची. बुटाचे तुकडे जोडताना आतल्या बाजूस एक बारीक उंचवटा राहतो. तो बहुधा करंगळीच्या सांध्याजवळ किंवा अंगठ्याच्या बाजूस येतो. ज्याच्या पायाला संवेदना आहे तो दहा पावलांत बूट काढून पाहतो. संवेदना नसलेला मनुष्य तोच उंचवटा बाजारपेठेत दिवसभर घासत हिंडतो. आधी लाली येते, मग फोड येतो आणि फोड फुटला की जंतूंना वाट मोकळी होते. रक्तातील साखर जास्त आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर एवढीशी जखमही महिनोन्महिने भरत नाही. त्यासाठी अस्तर अखंड असावे, किंवा शिवण बाहेरच्या अंगाला असावी. मोज्यांनाही हाच न्याय लागू आहे. बोटांपाशी जाड शिवण असेल तर मोजा उलटा करून घालावा.

बधिर पायांसाठी मऊ तळ वापरण्याचा विचार भारतात कुष्ठरोग्यांच्या सेवेतून रुजला. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी ओळखले की जखमा रोगापेक्षा न जाणवणाऱ्या दाबाने व घर्षणाने होतात. त्यातून सूक्ष्मछिद्री रबराचे तळवे वापरात आले. आजही ‘एमसीआर चप्पल’ या नावाने ती मिळतात. कातडे न वापरणाऱ्या कुटुंबांसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र चपलेला मागे वादी हवी, नाहीतर बधिर पायातून ती केव्हा निसटली हे कळत नाही. अंगठ्याची वादीही बोटांच्या बेचक्यात जखम करते, ती नसलेली बरी.

खरेदीत सर्वांत फसवा प्रश्न दुकानदाराचाच असतो, “चावतो का?” बधिर पायाला बूट जरा घट्ट असला तरच तो ‘नीट बसला’ असे वाटते. त्यामुळे अशी माणसे बरेचदा लहान माप पसंत करतात. येथे पायाचा कौल घेऊ नये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढून ती कापावी आणि बुटाच्या आत सरकवावी. कागद कडेला दुमडला तर तो बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरावी. मग हात आत घालून बोटांनी अस्तर चाचपावे. बूट घालून उभे राहिल्यावर वाकलेल्या पेरांवरील कापड चिमटीत उचलता आले, तर खोली पुरेशी आहे. नवा जोड पहिल्या दिवशी घरातच तासभर वापरावा आणि काढल्यावर पाय पाहावेत. थोड्या वेळाने न जाणारी लाली दिसली तर तो परत करावा.

या बुटाने झालेली जखम मात्र भरत नाही. जखम असताना त्या जागेवरचा भार डॉक्टरांनी ठरवलेल्या साधनानेच काढावा लागतो. हाडे सरकून पाऊल बेढब झाले असेल तर तयार माप चालत नाही, पायाचा साचा घेऊन जोड करवावा लागतो.

सांगलीच्या व्यापाऱ्यांना डॉक्टरांनी नायलॉनचा 10 ग्रॅमचा तंतू तळव्याला टेकवून डोळे मिटायला सांगितले. ते स्पर्शाची वाट पाहत राहिले. नऊ आठवड्यांनी जखम भरली. आता खोल बूट पेढीवर जाताना असतात, घरात एमसीआरची चप्पल. मंदिरात पादत्राणे काढावीच लागतात, म्हणून उन्हाळ्यात फरशी तापण्यापूर्वी ते सकाळीच दर्शन घेतात. परतल्यावर सून आरसा धरते आणि ते आपले तळवे त्यात पाहतात.