पथ्याचा कागद आणि मावशींचा स्वयंपाक

आहारतज्ज्ञांनी दिलेला आठवड्याचा तक्ता रुग्णाच्या नावाने असतो, पण तो अमलात आणणारे हात दुसऱ्याचेच असतात. माझ्या खालूजानना मूत्रपिंडाचा आजार आणि ब्लडप्रेशर आहे. गेल्या तपासणीत रक्तातले पोटॅशियम 5.7 आले. ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवे. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि पुष्कळदा रुग्णाला आधी काहीच जाणवत नाही. म्हणून डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी इंग्रजीत छापलेला सात रकान्यांचा तक्ता आणि मागच्या पानावर मनाईची यादी दिली. घरात स्वयंपाक करतात त्या मावशी मराठी छान वाचतात, इंग्रजी नाही. खालाजाननी तो कागद माझ्याकडे दिला, ‘उर्दूत माझ्यासाठी नको, मराठीत मावशींसाठी लिहून दे’ म्हणून.

असा कागद उतरवताना पहिली अडचण शब्दांची वाटते. खरे तर भाज्यांची नावे सोपीच असतात. अडते ते ‘अव्हॉइड’ या एका शब्दापाशी. त्याचे मराठी ‘टाळा’ असे चटकन सुचते. पण आपल्या बोलण्यात ‘टाळा’ म्हणजे जमले तर करू नका. पाहुणे आले, सण आला की टाळायची गोष्ट ताटात येतेच. उर्दूतल्या ‘परहेज’लाही घरोघरी तीच ढील मिळते. त्या यादीत नारळपाणी, कमरख, लो सोडियम मीठ, टोमॅटो, पालक, कडधान्ये आणि सुकामेवा अशी सगळी नावे एकाच ‘अव्हॉइड’खाली होती. मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून एकच विचारले, ‘यातले एक कणही चालणार नाही असे काय, आणि मापात चालेल असे काय?’ त्यांनी लगेच दोन भाग करून दिले. कमरख, नारळपाणी आणि ते मीठ अजिबात नाही. टोमॅटो दिवसाला अर्धा, तोही शिजवून, चालेल. मग मराठी कागदावर मी ‘टाळा’ हा शब्द कुठेच ठेवला नाही. एका भागाला ‘घरात आणायचेच नाही’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘एवढेच घालायचे’. ‘बेताने’ हा शब्दही काढला, कारण मावशींचा बेत पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाने ठरलेला आहे.

मिठाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत मोठा धोका इथेच होता. तक्त्याच्या वर ‘सोडियम 2 ग्रॅम’ असे लिहिले होते. ते ‘मीठ 2 ग्रॅम’ असे उतरवले असते तर अर्थच बदलला असता. मीठ म्हणजे नुसते सोडियम नव्हे. 2 ग्रॅम सोडियम सुमारे 5 ग्रॅम मिठात असते. त्यातले काही दूध, भाज्या, अंडी यांतून आपोआप पोटात जाते. म्हणून स्वयंपाकात वरून किती घालायचे, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. खालूजानसाठी त्याचे उत्तर दिवसाला 3 ग्रॅम मिळाले, म्हणजे मापाच्या छोट्या चमच्याने सपाट अर्धा चमचा. चहाचा घरातला चमचा नव्हे. औषधासोबत येतो तो 5 मिलिलिटरचा.

दुसरीकडे त्यांच्या मुलाने तक्त्यावरचे ‘लो सोडियम डाएट’ हे शब्द वाचून दुकानातून ‘लो सोडियम’ मिठाचा पुडा आधीच आणून ठेवला होता. शब्द तेच, पण गोष्ट उलटी. अशा मिठात सोडियम कमी करण्यासाठी त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला त्याचा उपयोग होत असेल, पण ज्याच्या मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडत नाही त्याला ते मीठ म्हणजे जे कमी करायचे तेच चमच्याने वाढणे. पुडा शेजारी द्यायचा विचार चालला होता. तिथेही कुणाची तब्येत कशी आहे ते विचारूनच द्या, असे मी म्हटले. सैंधव वापरू का, असे मावशींनी विचारले. सैंधवही मुख्यतः मीठच आहे. त्याचेही माप तेच, जास्त सूट नाही.

आता रोज सकाळी खालाजान एका झाकणाच्या डबीत अर्धा चमचा मीठ काढून ओट्यावर ठेवतात. खालूजानच्या दोन्ही वेळच्या जेवणात पडेल ते त्या डबीतले. डबी रिकामी झाली की संपले. मावशींना ग्रॅम लक्षात ठेवावे लागत नाहीत. घरच्या सहा माणसांचे सालन वेगळे करायचे नाही. फोडणी, मसाला परतून झाला की मीठ घालण्याआधी एका छोट्या पातेल्यात खालूजानचा वाटा काढायचा आणि मग मोठ्या पातेल्यात नेहमीचे मीठ घालायचे. ही ‘आधी काढा, मग मीठ’ची ओळ कागदावर मी सर्वांत वर लिहिली. कणकेतही मीठ नाही, हे मावशींनीच आठवण करून लिहायला लावले.

‘प्रोसेस्ड फूड’ आणि ‘ब्रेड’ असे गटाचे शब्द उतरवताना घरात काय येते ते बघावे लागते. आमच्याकडे ब्रेड म्हणजे कापलेल्या स्लाइस. सकाळच्या चहाबरोबरचा पाव, खारी, टोस्ट, नानखटाई यांना कुणी ब्रेड म्हणत नाही. म्हणून मी गटाचा शब्द सोडून नावेच लिहिली: पाव, खारी, टोस्ट, पापड, लोणचे, फरसाण, सूपचे पाकीट. असेच नावाचे आणखी एक. तक्त्यातल्या ‘बॉटल गोर्ड’ला खालाजान कद्दू म्हणतात, आणि मावशींच्या लेखी कद्दू म्हणजे लाल भोपळा. मराठी कागदावर ‘दुधी’ असेच हवे. दोघींच्या बोलीत वेगवेगळा अर्थ असलेला शब्द कागदावर आला की बाजारातून दुसरीच भाजी येते.

आता बुधवारच्या जेवणाची ओळ पाहा. इंग्रजीत एवढेच होते: फुलके 2, दाल 1 कटोरी, ‘लीच्ड व्हेजिटेबल’ 1 कटोरी, दही अर्धी कटोरी. ‘लीच्ड’चा अर्थ शब्दकोशात मिळतो, पण मावशींना अर्थ नको, कृती हवी. पोटॅशियम पाण्यात विरघळते, म्हणून भाजीतले ते पाण्यात उतरवून पाणी फेकायचे, एवढाच त्याचा मतलब. बटाट्याच्या बाबतीत नुसते भिजवून फारसे काही होत नाही. साल काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळले तर साधारण निम्मे निघून जाते. मोठ्या फोडी ठेवल्या तर आतले आतच राहते. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी सालनात गेले, तर काहीच निघाले नाही असे समजा.

इथे मावशींची सवय आडवी येते, आणि ती चांगली सवय आहे. भाजी उकडलेले पाणी त्या कणकेत घालतात, डाळीच्या वरच्या पाण्याचा कट काढून आमटी करतात. आपल्या घरातही पुलावासाठी यखनी जपून ठेवतात. ‘बाई, सगळे सत्त्व त्या पाण्यातच असते ना?’ असे त्यांनी विचारले. त्यांचे बरोबरच आहे. खालूजानना नको असलेले सत्त्वही त्याच पाण्यात असते. म्हणून ‘पाणी काढा’ एवढे लिहून भागत नाही. ‘पाणी मोरीत ओता, कणकेत नाही, रश्श्यात नाही, पुलावात नाही’ असे लिहावे लागते. हे फक्त खालूजानच्या वाट्यासाठी. अशा शिजवण्यात जीवनसत्त्वेही वाहून जातात, मुलांच्या भाजीला ती शिक्षा कशाला?

दुसरा पेच वेळेचा होता. आहारतज्ज्ञ बाईंनी भाजी दोन तास भिजवून मग उकळायला सांगितले होते. मावशी नऊला येतात आणि साडेअकराला दुसऱ्या घरी जातात. त्यामुळे बुधवारची भाजी मंगळवारी सुरू होते, आणि हे तक्त्यात कुठेही दिसत नाही. फोनवर विचारून मान्यता घेतली आणि मराठीत बुधवार असा लिहिला:

‘मंगळवारी निघताना: एक लहान बटाटा आणि फ्लॉवरचे चार तुरे. बटाट्याची साल काढा, दोन्ही बारीक चिरा, मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. खूण केलेल्या वाटीने तूरडाळ काढून वेगळी ठेवा.

बुधवारी आल्यावर: भाजीचे पाणी मोरीत. डाळ धुऊन भिजत घाला. भाजी उघड्या पातेल्यात, नव्या भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा. चाळणीत ओता, पाणी मोरीत. मग जिरे, हळद, लसणाची फोडणी. मीठ डबीतले, अर्धे शिल्लक ठेवून. डाळ भिजवलेले पाणी मोरीत, नव्या पाण्यात शिजवा, त्यात टोमॅटोच्या दोनच फोडी.’

खूण केलेल्या वाटीचे कारण असे. ‘दाल 1 कटोरी’ म्हणजे कच्ची की शिजलेली? विचारल्यावर कळले, 30 ग्रॅम कच्च्या डाळीची शिजलेली एक वाटी. कच्च्या डाळीची वाटी भरली असती तर प्रथिने कितीतरी पट गेली असती, आणि त्यांचेही खालूजानना माप आहे. वाण्याकडच्या काट्यावर 30 ग्रॅम डाळ तोलून आणली, एका लहान वाटीत ओतली आणि जिथवर आली तिथे बाहेरून रंगाची रेघ मारली. शुक्रवारच्या चिकनचेही असेच विचारावे लागले: कच्चे की शिजलेले, हाडासकट की बिनहाडाचे. 75 ग्रॅम हे कच्चे, बिनहाडाचे निघाले.

कागद तयार झाल्यावर मी मावशींना ‘समजले का?’ असे विचारले नाही. वर्गात या प्रश्नाला सगळी मुले हो म्हणतात. ‘मावशी, उद्या निघताना काय काय कराल, सांगा बरं,’ असे म्हटले. त्यांनी सगळे नीट सांगितले, फक्त भाजी ‘कुकरला एक शिट्टी’ म्हणाल्या. तिथे ‘उघड्या पातेल्यात’ला लाल पेनाने चौकट केली.

तक्त्यात जे नव्हते ते मी माझ्या मनाने घातलेले नाही. मोसंबी चालेल का, ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचे काय, खजूर किती, हे तीन प्रश्न कागदाच्या मागे लिहून ठेवलेत. खजुरात पोटॅशियम भरपूर असते, एवढे मला माहीत आहे. पण खालूजानना किती चालेल ते ठरवणे माझ्या हातात नाही. कागदावर वरच्या कोपऱ्यात तारीख आणि आहारतज्ज्ञ बाईंचा नंबर आहे. पुढचा रिपोर्ट महिन्याने येईल. पोटॅशियम खाली आले तर काही भाज्या परत मिळतील, औषध बदलले तर मापेही बदलतील. तेव्हा जुना कागद फ्रीजवरून काढून फाडायचा, असे खालाजानना सांगून ठेवले आहे, नाहीतर दोन्ही कागद शेजारी शेजारी लटकतील आणि मावशी जो वर असेल तो वाचतील.